आकडा उतरला पाहिजे

माझी धाकटी बहीण नूतन. तिला जेवताना वाढणाऱ्याकडे बघून हसायची सवय. आई वाढो, मी वाढो की लग्नाच्या पंगतीतला कोणी अनोळखी वाढपी, पोळी पानात पडली की ही मान वर करून हसणार. लहानपणी मी चिडवायची, अगं पोळीच वाढली, सोनं नाही वाढलं. तर म्हणायची, "आठवणीनं वाढली ना, अक्का." असली पोरगी. कुणी चार शब्द मायेनं बोललं की झालं, पुढे ती काही विचारत नाही. तिच्या ह्याच स्वभावाचा तिच्या सासरच्यांनी फायदा घेतला, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. जळगावात आमच्या मेहरूणच्या बायका म्हणतात, सुलक्षणा फार बोलते. बोलते मी. दिवसभर ब्लाउज शिवता शिवता ह्याच बायकांची रडगाणी ऐकते, मग माझंही कुणीतरी ऐकून घ्यायला हवं.

नूतनचं सासर चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या अंगाला. केळीचा मळा, थोडी कपाशी, घरात नवरा हितेंद्र आणि सासू धुरपदाबाई. हितेंद्र माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. दारू नाही, मारझोड नाही, बायकोला तालुक्याला न्यायचं तर स्वतः मोटरसायकल पुसून काढणार. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. लग्नाला काही वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, त्यावरून सासू टोमणे मारायची, पण टोमणे कुठल्या घरात नसतात. मग मागच्या हिवाळ्यात नूतनला दिवस गेले आणि सगळं घर उजळलं.

पण उलट्या अशा सुरू झाल्या की पाणीसुद्धा टिकेना. पोटही दिवसांच्या मानानं फारच पुढे आलेलं. धुरपदाबाई म्हणायच्या, जुळं असेल. मग अंगावरून रक्त जायला लागलं, तेव्हा हितेंद्र तिला जळगावला घेऊन आला. मी दवाखान्यात सोबत होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ नव्हतंच. नुसते फुगे फुगे, द्राक्षाचा घड आत टांगल्यासारखे.

"ह्याला द्राक्षगर्भ म्हणतात," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून नीट समजावलं. गर्भ धरतानाच बीजात गडबड झाली, म्हणून बाळ तयारच झालं नाही. जी वार बाळाला पोसते ती एकटीच वाट्टेल तशी वाढत सुटली. गरोदरपणात रक्तात जे बीटा एचसीजी वाढतं ते ही वारच तयार करते, म्हणून घरी केलेली तपासणी दिवस गेल्याचं सांगते आणि उलट्याही भयंकर होतात. यात नूतनचा काही दोष नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना हितेंद्रकडे बघितलं.

पिशवी मशीननं साफ केली, काढलेला भाग तपासायला पाठवला. मला वाटलं सुटलो. पण मॅडम म्हणाल्या, खरं काम आता सुरू होतं. साफ केलं तरी एखादा अंश आत राहू शकतो. बहुतेकींचा आपोआप विरून जातो. काहींचा मात्र पुन्हा वाढायला लागतो, पिशवीच्या भिंतीत शिरतो, फुफ्फुसापर्यंतही जातो, आणि मग त्याला कॅन्सरचीच औषधं द्यावी लागतात. कुणाचा विरेल आणि कुणाचा वाढेल, हे वरून बघून कळत नाही, फक्त रक्तातल्या त्या आकड्यावरून कळतं. म्हणून दर आठवड्याला रक्त द्यायचं, आकडा नॉर्मलला येऊन तिथे टिकेपर्यंत. त्यानंतर सहा महिने दर महिन्याला. "आकडा उतरत राहिला पाहिजे. एका जागी थांबला किंवा वर गेला, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं," मॅडम म्हणाल्या. "आणि तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. दिवस गेले तरी हाच आकडा वाढतो. मग तो बाळामुळे वाढला की आजारामुळे, हे मला ओळखता येणार नाही." त्यासाठी गोळ्या लिहून दिल्या.

हितेंद्र सगळ्याला मान डोलावत होता. काउंटरवर मोबाईल नंबर विचारला तेव्हा त्यानं स्वतःचा सांगितला. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे बायकांच्या केसपेपरवर नवऱ्याचाच नंबर असतो, माझ्याही कागदांवर माझ्या मिस्टरांचा, शालिग्रामचा आहे. लग्न झालं की बाईचं दुखणंसुद्धा आधी नवऱ्याच्या फोनवर जातं.

नूतन गावी गेली. दर आठवड्याला चोपड्याला जाऊन दवाखान्याच्याच लॅबच्या केंद्रावर रक्त द्यायची, रिपोर्ट हितेंद्रच्या व्हॉट्सॲपवर यायचा. मी फोन केला की सांगायची, "उतरतोय अक्का, हे म्हणाले." आणि सुरुवातीला खरंच उतरत होता, लाखांवरून हजारांवर, हजारांवरून शेकड्यांत. एक दिवस म्हणाली, "ह्यांचं मॅडमशी बोलणं झालं. गोळ्या आता बंद केल्या तरी चालतील म्हणाल्या." मी म्हटलं, बरं झालं. शिकलेल्या माणसानं बायकोसाठी दवाखान्याला फोन लावला याचं मला उलट कौतुकच वाटलं.

मग उन्हाळा संपता संपता तिच्या फोनमधला आवाज बदलला. इतकी खूश मी तिला लग्नातही बघितली नव्हती. म्हणे सासूबाई आता पाण्याचा हंडा उचलू देत नाहीत. मळ्यात पाठवत नाहीत. सकाळी चहाआधी भिजवलेले बदाम हातावर ठेवतात. आणि हितेंद्र रोज झोपायच्या आधी स्वतःच्या हातानं दूध गरम करून आणतो. "इतकी माया कधीच केली नव्हती गं," नूतन म्हणाली. "मला वाटायचं, बाळ गेलं म्हणून मला घराबाहेर काढतील. उलट आता लेकीसारखं बघतात." मलाही ते खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. धुरपदाबाईंबद्दल मी मनात जे जे बोलले होते ते सगळं परत घेतलं.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाई देवी बसते. मी दर्शनाला गेले. आपल्या खानदेशात कानबाई म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको, घरात माणूस मावत नाही. दारात रांगोळी, आत नैवेद्याच्या गोड रोटांचा घमघमाट, बायकांची गाणी. आणि घरची एकुलती एक सून कोपऱ्यात पाटावर बसवलेली. ती पुरणाला हात लावायला उठली की सासू ओरडायची, "नूतन, तू बठीसन ऱ्हाय. मी करस बठ्ठं." दुसऱ्या दिवशी कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचा मान सुनेचा, तोसुद्धा धुरपदाबाईंनी पुतणसुनेला देऊन टाकला. मला हे जरा जास्तच वाटलं. माया करावी, पण देवीच्या मानातून सुनेला कोण बाजूला काढतं?

नूतननं मला मागच्या पडवीत ओढलं. चेहरा उतरलेला. म्हणाली, "अक्का, कुणाला सांगू नको. मला मधून मधून डाग लागतोय. किती दिवस झाले, थांबतच नाही. आज कानबाई आहे, सासूबाईंना कळलं तर मला देवघरात पाऊल टाकू देणार नाहीत. त्यांनी इतकं केलं माझ्यासाठी, त्यांचा सण कशी मोडू?" बोलता बोलता तिला खोकल्याची ढास लागली. कधीपासून खोकतेस म्हटलं, तर म्हणे, असेल पंधरवडाभर, हवा बदलली ना.

"आणि रिपोर्ट?"

"नॉर्मल आहेत. हे सांगतात ना."

मॅडमचे शब्द माझ्या कानात पक्के बसले होते. मी तशीच आत गेले आणि धुरपदाबाईंना म्हटलं, मावशी, उद्या मी नूतनला माझ्याबरोबर जळगावला नेते, जरा दाखवून आणते. त्यांनी हातातली परात खाली ठेवली.

"नई. आते गाडीमां बसानं नई तिले. तीन महिना तरी व्हऊ दे."

"कसले तीन महिने?"

हितेंद्र दारात उभा होता, त्यानं आईकडे बघितलं. नूतन माझ्या मागे येऊन थांबलेली. म्हातारीला आता राहवलं नाही. तिनं पुढे होऊन नूतनच्या गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "तुना पोटमां लेकरू शे, बाई. नजर नको लागाले, म्हणीसन तुलेबी सांगं नई."

नूतननं नवऱ्याकडे बघितलं. तो हसत होता. चोरी पकडली गेल्यासारखा नाही, सरप्राइज फुटल्यासारखा हसत होता. म्हणाला, रिपोर्टमध्ये आकडा वाढतोय, महिन्याच्या वर झालं. तू घाबरशील आणि डॉक्टरकडे पळशील, आणि त्या म्हणतील आत्ता दिवस नकोत, पाडून टाका. म्हणून गप्प राहिलो.

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. कानबाई समोर होती म्हणून हात आवरला. पण माझ्या रागाचं नंतर. मला सांगायचंय ते नूतनचं. ती रागावली नाही, रडली नाही. तिनं पोटावर हात ठेवला आणि तिचा सगळा चेहरा फुलून आला. मी म्हटलं, नूतन, अगं रक्त जातंय तुझं, आधी दाखवू. "दाखवू ना," ती म्हणाली. "बाळाचंच दाखवू."

रक्ताचं ऐकल्यावर मायलेकांची तोंडं उतरली आणि जायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चोपड्याहून जळगावपर्यंत हितेंद्रनं मागून आणलेली चारचाकी इतकी हळू चालवली की मागची रिक्षासुद्धा हॉर्न देऊन पुढे गेली. खड्डा आला की तो नूतनला आधी सांगायचा. रस्ताभर तिनं पोटावरचा हात काढला नाही. मध्येच मला कानात म्हणाली, "मुलगी झाली तर तुझ्याकडेच शिवण शिकायला पाठवीन." मी खिडकीबाहेर केळीचे मळे बघत बसले.

मॅडमनी नूतनला बघताच विचारलं, "धुळ्याची ट्रीटमेंट बंद केली का?"

"कुठली धुळ्याची?" मी म्हटलं.

तेव्हा कळलं. आकडा चढायला लागल्यावर दवाखान्यातून हितेंद्रला फोन गेला होता, एकदा नाही, तीनदा. त्यानं तिन्ही वेळा सांगितलं, आम्ही आता धुळ्याला दाखवतोय, तिकडचं बरं आहे. आणि गोळ्या बंद करायला मॅडमनी कधी सांगितलंच नव्हतं. आकडा शेकड्यांत आला तेव्हा मायलेकांनी आपसात ठरवलं, की झालं आता, बरी झाली.

मॅडमनी पुढे काही विचारलं नाही, तपासायला घेतलं. नूतन मान वळवून पडद्याकडे बघत होती. मी तिचा हात धरला होता. मॅडमनी बराच वेळ बघितलं आणि मग मशीनवरून हात काढून तिच्या खांद्यावर ठेवला.

"नूतन, बाळ नाहीये. ह्या वेळीही नाही. पिशवीच्या भिंतीत तो आजार पुन्हा वाढलाय. आकडा त्यामुळे वाढत होता."

छातीचा फोटो काढला. फुफ्फुसात दोन बारीक ठिपके निघाले. खोकला हवेचा नव्हता.

हितेंद्रला आत बोलावलं. त्याला पटेना. त्यानं फोन काढला आणि मॅडमसमोर धरला. "मॅडम, हे बघा ना. तुमच्याच लॅबनं खाली छापलंय. एवढा आकडा म्हणजे इतके आठवडे. दर वेळी वर वर जातोय, आठवडे बरोबर जुळतायत." खरंच रिपोर्टच्या तळाशी एक तक्ता होता, गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यात आकडा किती असतो त्याचा. तो त्यात दर खेपेला बायकोचा आकडा शोधायचा. सकाळी उठल्यावर फोनवर केळीचा भाव बघायचा आणि तो वर गेला की खूश व्हायचा, तसाच हाही बघायचा. वर जाणारी गोष्ट वाईट असू शकते, हे त्या माणसाच्या डोक्यात शिरलंच नाही.

"तो तक्ता गरोदर बायकांसाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांच्या कागदाखाली तोच छापून येतो. हिच्यासाठी एकच गोष्ट सांगितली होती मी. काय सांगितली होती?"

"उतरला पाहिजे," हितेंद्र म्हणाला. शाळेतल्या पोरासारखा, खाली बघून.

नूतन पदर सारखा करत उठून बसली. तिला किती कळलं, किती नाही, मला अंदाज येईना. ती नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे ते दूध..."

त्यानं फोन खिशात घातला.

"दूध रोज आणून द्यायचात ते. बदाम. हंडा उचलू दिला नाही तो." ती अगदी हळू बोलत होती, वस्तू मोजून परत केल्यासारखी. "ते मला नव्हतं."

"तसं नाही गं, नूतन."

"मी देवाला हात जोडायचे. म्हणायचे, बाळ नाही दिलंस, पण माणसं दिलीस." आणि मग ती रडायला लागली. पहिल्यांदा पिशवी साफ केली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, उशीर झालाय, पण हातातून गेलेलं नाही. हा आजार पसरला तरी औषधाला ऐकतो, बहुतेक सगळ्या बायका पूर्ण बऱ्या होतात, पिशवीही काढावी लागत नाही. एक दिवसाआड इंजेक्शन, मधल्या दिवशी त्या औषधाचा त्रास कमी करणारं दुसरं औषध, मग थोडी विश्रांती, आणि पुन्हा तेच. आकडा नॉर्मलला आल्यावरही आणखी काही फेऱ्या. त्यानंतर वर्षभर रक्त तपासत राहायचं आणि वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पुढे मूल होऊ शकेल. "पण वेळेवर आली असतीस तर फुफ्फुसापर्यंत गेलंच नसतं," एवढं त्यांनी हितेंद्रला ऐकवलं. मला ते फार कमी वाटलं.

काउंटरवर नूतननं स्वतः जाऊन नंबर बदलून घेतला. म्हणाली, "इथे फक्त माझा लिहा. दुसरा काढून टाका." हितेंद्र शेजारीच उभा होता. मग ती माझ्याकडे मेहरूणला राहायला आली आणि अजून माझ्याकडेच आहे.

इंजेक्शनांनी तिचं तोंड आतून सोलून निघालं. तिखटाचा कणही सहन होईना. मी मऊ भात, ताक, मुगाचं पातळ वरण ह्यावर तिला ठेवली. बरं वाटलं तर संध्याकाळी मेहरूण तलावाच्या कडेनं थोडं चालायची. खोकला थांबला. आकडा उतरायला लागला, आणि ह्या वेळी तो तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. मागच्या महिन्यात नॉर्मलला आला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे अजून औषध चालू आहे.

हितेंद्र दर रविवारी येतो. धुरपदाबाई डिंकाचे लाडू पाठवतात. नूतन डबा घेते आणि न उघडता शालिग्रामच्या हातात देते. हितेंद्र एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडला, की अक्का, मी वाईट मनानं केलं नाही. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, म्हणूनच तुम्हाला शिव्या देता येत नाहीत. बाहेर जाऊन त्यानं नूतनला विचारलं, "किती आलाय आता?"

"उतरतोय."

"म्हणजे किती?"

"उतरतोय," ती म्हणाली. तो तिला जसा सांगायचा, तसाच. मग तो केळीच्या दोन फण्या ओट्यावर ठेवून निघून गेला.

आकडा नॉर्मलला आलेला बघून मला वाटलं होतं, आता माझी नूतन मला परत मिळाली. काल दुपारी मशीन बंद करून तिच्यासाठी पुरणपोळी केली. तोंड आता बरं आहे, आणि तिला तिची फार आवड. ताटात घातली, वर साजूक तुपाची धार धरली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. तिनं मान वर केली. मी सवयीनं त्या हसण्याची वाट बघत उभी राहिले.

ती हसली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "मॅडमचा तुला फोन आला होता का? माझ्यापासून काही लपवतेस का?"

"नाही गं बाई. तुला आवडते म्हणून केली."

तिनं शेजारचा फोन उचलला, सकाळचाच रिपोर्ट पुन्हा उघडला, आकडा वाचला. मग फोन उलटा ठेवून पोळीचा पहिला घास मोडला.